विश्लेषण : पॅनिक अ‍ॅटॅक आल्यावर वाचायचे कार्ड… त्यावर नेमके काय लिहावे?

छातीत अचानक धडधड सुरू होते, हातापायांना मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो आणि ‘आता आपले काही खरे नाही’ या एका विचाराशिवाय डोक्यात दुसरे काही उरत नाही. पॅनिक अ‍ॅटॅक अनुभवलेल्या माणसाला हे वर्णन परके वाटणार नाही. झटका ओसरल्यावर याच माणसाला सगळे कळत असते. श्वास कसा घ्यायचा, कुणाला फोन करायचा, हे हृदयविकाराचे दुखणे नाही, हेही. ऐन झटक्यात मात्र यातले काहीच आठवत नाही. म्हणून अनेक मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला स्वत:चे एक छोटे कार्ड लिहायला सांगतात. शांत असताना लिहायचे आणि घाबरल्यावर वाचायचे. कल्पना सोपी आहे, पण असे कार्ड बहुतेक जण पहिल्यांदा चुकीचे लिहितात. त्या चुका कोणत्या आणि कार्ड उपयोगी कसे होते, याविषयी.

ऐन वेळी माहीत असलेलेही का आठवत नाही?

पॅनिक अ‍ॅटॅक म्हणजे काही मिनिटांत शिगेला पोहोचणारी तीव्र भीती. शरीर धोक्याच्या वेळी जी तयारी करते, तीच तयारी धोका नसताना सुरू होते. अ‍ॅड्रेनलिन वाढते, हृदय जोरात धावते, श्वास भराभर होतो, घाम फुटतो. अशा वेळी मेंदूचा नियोजन करणारा, दोन गोष्टींची तुलना करणारा पुढचा भाग मागे पडतो आणि झटपट प्रतिक्रिया देणारी यंत्रणा सूत्रे हाती घेते. साप दिसल्यावर उडी मारण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. ‘मागच्या महिन्यात डॉक्टर काय म्हणाले होते’ हे आठवण्यासाठी ती कुचकामी ठरते.

पण केवळ विस्मरण एवढाच प्रश्न नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकची जी मांडणी केली, ती आजच्या उपचारांचा मोठा आधार आहे. शरीरात एखादी साधी संवेदना होते, समजा जिना चढल्यावरची धडधड. मन तिचा अर्थ ‘हा हार्ट अ‍ॅटॅक’ असा लावते. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड हा मनाला आणखी एक पुरावा वाटतो. असे चक्र दोन-तीन फेऱ्यांतच वेग घेते. कार्डाचे खरे काम या चक्रात अर्थ लावण्याच्या जागी हात घालणे हे आहे. धीर देणे हे त्याचे काम नाही. हा फरक लक्षात आला नाही, तर कार्डावर सुविचार उतरतात.

डोंबिवली ते दादर : एक उदाहरण

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. चौतीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी, रोज डोंबिवलीहून दादरला लोकलने जाणारी एक महिला. पहिला झटका आला तो फास्ट लोकलच्या महिला डब्यात, ठाणे सुटल्यानंतर. गर्दीत हात वर करून उभी असताना श्वास अडकल्यासारखे झाले, बोटे बधिर झाली. पुढच्या थांब्यावर सहप्रवाशांनी उतरवले, रुग्णालयात नेले. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळे व्यवस्थित निघाले. पुढे फिजिशियनने टूडी एको, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही पाहून घेतले. हे महत्त्वाचे, कारण थायरॉइडचा त्रास, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता यांतही असेच वाटू शकते आणि पहिल्याच वेळी ‘हे पॅनिक असेल’ असे घरच्या घरी ठरवता येत नाही.

त्यानंतर झटके येत राहिले आणि तिचे वेळापत्रक हळूहळू बदलले. फास्टऐवजी ती स्लो लोकल पकडू लागली, कारण स्लो दर काही मिनिटांनी थांबते आणि उतरता येते. त्यासाठी घरातून चाळीस मिनिटे आधी निघणे आले. डब्यात शिरल्यावर दाराजवळची जागा, हातात पाण्याची बाटली, मनगटावर ठोके दाखवणारे घड्याळ. पर्समध्ये कुणीतरी दिलेली झोपेची अर्धी गोळी. तिने पहिले कार्ड लिहिले ते याच काळात, आणि ते असे होते :

> घाबरू नकोस. तुला काहीही होणार नाही.
> पॉझिटिव्ह विचार कर.
> मोठा, दीर्घ श्वास घे.
> पाणी पी. घड्याळात ठोके बघ.
> पुढच्या स्टेशनला उतर.
> फोन : आई, नवरा, ताई, ऑफिस, डॉक्टर.

वरवर पाहता यात वावगे काही नाही. प्रत्यक्षात यातली जवळपास प्रत्येक ओळ झटका वाढवणारी किंवा पुढच्या झटक्याची सोय करणारी आहे.

पहिले कार्ड कुठे चुकले?

‘घाबरू नकोस’ ही आज्ञा कुणालाही पाळता येत नाही. भीती सुरू झालेली असते, अ‍ॅड्रेनलिन रक्तात असते. न घाबरण्याचा प्रयत्न फसला की ‘साधे एवढेही जमत नाही’ ही नवी भीती येऊन बसते. ‘काहीही होणार नाही’ याचे दुखणे वेगळे. घाबरलेले मन वकिलासारखे असते, ते लगेच विचारते, ‘कशावरून?’ कार्डाकडे उत्तर नसेल, तर वाद मन जिंकते.

‘मोठा श्वास घे’ हा सल्ला तर घरोघरी दिला जातो आणि नेमका तोच उलटतो. झटक्यात माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येणे, डोके हलके होणे, सगळे स्वप्नासारखे परके वाटणे ही लक्षणे त्यातूनच येतात. गंमत अशी की ऑक्सिजन पुरेसा असूनही ‘श्वास पुरत नाही’ असेच वाटत राहते. अशा वेळी आणखी मोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो, मुंग्या वाढतात. त्यामुळे हवा तो सावकाश श्वास, आणि बाहेर सोडणे आत घेण्यापेक्षा लांब. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय चित्रपटांत दिसतो, पण आता तो सुचवला जात नाही. त्रास खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो धोकादायक ठरू शकतो.

आता ‘उतर’, ‘ठोके बघ’, ‘पाणी पी’ या ओळी. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी अशा गोष्टींकडे लक्ष वेधले. माणूस संकट टाळण्यासाठी एखादी कृती करतो, संकट येत नाही, आणि ‘त्या कृतीमुळेच वाचलो’ अशी त्याची खात्री होते. ही महिला प्रत्येक वेळी मध्येच उतरली. झटका तिच्या उतरण्याने ओसरला नव्हता, त्याची वेळ संपत आली म्हणून ओसरला. पण डब्यात थांबलो असतो तर काय झाले असते, हे पाहण्याची संधी तिला एकदाही मिळाली नाही. म्हणून प्रत्येक सुटकेनंतर फास्ट लोकल तिला आणखी भयंकर वाटू लागली.

पर्समधल्या गोळीचेही तसेच. पोटात घेतलेल्या गोळीचा परिणाम जाणवायला बहुधा अर्धा तास तरी जातो, तोवर झटका उतरणीला लागलेला असतो. श्रेय मात्र गोळीला मिळते. डॉक्टरांनी स्वत: लिहून दिलेली गोळी असेल, तर ती केव्हा आणि किती घ्यायची हे त्यांच्याच शब्दांत कार्डावर असावे. नातेवाइकाने दिलेली गोळी कार्डावरही नको आणि पर्समध्येही नको.

लिहिण्यापूर्वी नोंदी

चांगल्या कार्डाचा कच्चा माल नोंदींतून मिळतो. प्रत्येक झटक्यानंतर, त्याच दिवशी, वहीत चार गोष्टी लिहायच्या. कुठे होतो, शरीरात पहिल्यांदा काय जाणवले, काय होईल असे वाटले, आणि प्रत्यक्षात काय झाले. सोबत सुरुवातीची आणि ओसरण्याची वेळ.

या महिलेने सहा झटक्यांच्या नोंदी केल्या. तिला विचारले असते तर तिने ‘तासभर चालतो’ असे सांगितले असते. वहीत सर्वांत छोटा ८ मिनिटांचा निघाला आणि सर्वांत लांब २२ मिनिटांचा. यात आश्चर्य नाही, बहुतेक झटके ५ ते २० मिनिटांत उतरतात, काही थोडे अधिक रेंगाळतात. थकवा आणि धास्ती मात्र तासन्‌तास राहते आणि आठवणीत ती झटक्यालाच जोडली जाते.

दुसरी गोष्ट नोंदींतूनच समोर आली. आपल्याला हार्ट अ‍ॅटॅकची भीती आहे, असे ती सगळ्यांना सांगत असे. ‘काय होईल असे वाटले’ या रकान्यात सहापैकी चार वेळा लिहिलेले होते : ‘डब्यात बेशुद्ध पडेन, सगळ्या बायका बघतील.’ म्हणजे हृदय मजबूत असल्याची आठवण तिला फारशी उपयोगाची नव्हतीच. तिला बेशुद्ध पडण्याविषयीचे उत्तर हवे होते, आणि ते आहे. शुद्ध हरपायला बहुधा रक्तदाब खाली यावा लागतो. पॅनिकमध्ये तो सहसा वाढतो. त्यामुळे चक्कर आल्यासारखे वाटते खूप, पण माणूस प्रत्यक्ष बेशुद्ध पडणे विरळा. (रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांचे वेगळे. त्यांचा रक्तदाब खरोखर घसरतो, त्यांनी हे वाक्य आपल्या कार्डावर घेऊ नये.)

दुसऱ्याचे कार्ड उतरवून का चालत नाही, त्याचे कारण इथे आहे. एकाला वेड लागण्याची भीती असते, एकाला गुदमरण्याची, एकाला मीटिंगमध्ये ओरडून उठण्याची. उत्तर ज्याच्या त्याच्या भीतीला द्यावे लागते.

दुसरे कार्ड

समुपदेशकाबरोबर बसून तिने जे कार्ड तयार केले, त्याची पुढची बाजू अशी :

> हा तोच झटका. वेळ एकदाच बघ.
> दाराजवळ असशील तर आत सरक. दांडा धर. खांदे खाली सोड.
> श्वास मोठा नको, सावकाश. नाकाने आत, चार आकडे. बाहेर, सहा आकडे. असे दहा.
> धडधडू दे. मुंग्या येऊ देत. थांबवायला जाऊ नकोस.
> उतरायचं नाही. दादरलाच उतरायचं.
> शेजारणीशी काय बोलत होतीस? तेच पुढे बोल.

आणि मागची बाजू :

> सहा वेळा आलं, सहाही वेळा उतरलं. सर्वांत लांब २२ मिनिटं.
> बेशुद्ध एकदाही पडले नाही. पॅनिकमध्ये बीपी सहसा वाढतं, पडायला ते खाली यावं लागतं.
> बोटं बधिर = हवा जास्त घेतली. सावकाश सोडली की परत येतात.
> ईसीजी, एको, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून झालंय.
> नवऱ्याला मेसेज : ‘झटका आलाय. गाडीतच आहे. फोन नको, दादरला पोचले की कळवते.’
> वेगळं वाटलं तर : १०८.

यातली प्रत्येक ओळ एका श्वासात वाचता येते. भाषा बोलीतली आहे, ती स्वत:शी जशी बोलते तशी. ‘शांत चित्ताने परिस्थितीचा स्वीकार करावा’ असे वाक्य लटपटणाऱ्या हातांत कुणी वाचत नाही. पुढच्या बाजूला फक्त कृती आहेत आणि त्या सहाच आहेत. कारणे आणि पुरावे मागे आहेत, कारण पहिल्या दोन मिनिटांत पुरावे वाचण्याची मन:स्थिती नसते.

दाराची ओळ साधी वाटेल, पण मुंबईच्या लोकलमध्ये ती पहिल्या दोन ओळींत हवीच. चक्कर आल्यासारखे वाटत असताना दारात उभे राहणे हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव खरा धोका आहे. दुचाकी किंवा मोटार चालवणाऱ्याच्या कार्डावर तिची जागा ‘इंडिकेटर दे, डावीकडे घे, थांब’ ही ओळ घेईल. थांबून झटका ओसरू द्यायचा आणि मग त्याच रस्त्याने पुढे जायचे. गाडी तिथेच सोडून रिक्षाने घरी परतायचे नाही.

‘धडधडू दे’ ही ओळ अनेकांना खटकते. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात घाबरटपणाच्या विकारांसाठी हीच दिशा सांगितली होती : लक्षणांना सामोरे जा, त्यांना असू द्या, झुंजू नका आणि वेळ जाऊ द्या. श्वासाची ओळही याच अर्थाने वाचायची. दहा सावकाश श्वास हे चक्र मंद करण्यासाठी आहेत. प्रत्येक श्वासानंतर ‘गेलं का? गेलं का?’ असे तपासत राहिले, तर तोच श्वास नवा पहारेकरी होतो. म्हणून दहा झाले की मोजणे बंद आणि लक्ष बाहेर, शेजारणीच्या गप्पांकडे.

नामस्मरणाचे काय, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. ज्यांना आधीपासून सवय आहे, त्यांना जप किंवा स्तोत्र म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, याचा फायदा होतो. ‘म्हटले नाही तर काहीतरी होईल’ असे वाटू लागले, तर त्याचीही गत पाण्याच्या बाटलीसारखीच झाली असे समजावे.

संपर्कात नावे किती?

पहिल्या कार्डावर पाच नावे होती. झटक्यात पाच जणांपैकी कुणाला फोन करावा हा निर्णय घेणे हेच एक संकट होते. शिवाय पाच जणांना कळले की पाच जण उलट फोन करतात. दोन नावे पुरेत, एक न लागल्यास दुसरे. आणि त्या दोघांना आधी बसवून सांगितलेले असावे की त्यांनी काय करायचे.

हा भाग बहुतेक घरांत राहून जातो. जवळच्या माणसाला मदत करायची असते, पण तो दर मिनिटाला ‘आता कसं वाटतंय?’ विचारतो, ‘बीपी लो झालं असेल’ म्हणून मीठ-साखरेचे पाणी पाजतो, कुणी कांदा हुंगायला देतो, किंवा ‘आहेस तिथेच थांब, मी घ्यायला येतो’ म्हणतो. शेवटचे वाक्य सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत नुकसानकारक. या महिलेच्या नवऱ्याने तेच तीनदा केले होते. त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहिली गेली : ‘हळू बोल. वाक्य एकच, तुझ्या कार्डावरची चौथी ओळ वाच. लक्षणं विचारू नकोस. घ्यायला येऊ नकोस, लाल ओळ नसेल तर.’ मेसेजमध्ये ‘फोन नको’ हे शब्दही त्याच्याशी बोलूनच आले. मेसेज फोनमध्ये आधीच लिहून ठेवला होता, थरथरत्या बोटांनी टाइप करावा लागू नये म्हणून.

लाल ओळ म्हणजे काय?

मागच्या बाजूची शेवटची ओळ, ‘वेगळं वाटलं तर : १०८’, ही लाल शाईने लिहायची. पॅनिकचे निदान झालेल्या माणसालाही हृदयविकार होऊ शकतो, कार्ड त्याला झाकून टाकता कामा नये. ‘वेगळं’ म्हणजे काय, हे आपल्या डॉक्टरांना विचारून लिहावे. साधारणपणे यात येते ते असे : छातीवर दाबल्यासारखे दुखणे जे हात, जबडा किंवा पाठीकडे सरकते, श्रम केल्यावर सुरू होऊन थांबल्यावर कमी होणारे दुखणे, प्रत्यक्ष शुद्ध हरपणे, चेहऱ्याची किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे, किंवा अर्धा तास उलटूनही काहीच उतार न पडणे. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि ज्यांची अजून तपासणीच झालेली नाही त्यांनी ही मर्यादा आणखी अलीकडे ठेवावी. शंका आली तर कार्ड बाजूला ठेवून मदत मागवावी. एखादा ईसीजी जास्तीचा झाला तर बिघडत नाही. मात्र दर झटक्याला, तीच लक्षणे असताना, ईसीजी काढत राहणे हे पुन्हा पाण्याच्या बाटलीकडे जाणे झाले.

कागद की फोन?

दोन्ही, पण आधी कागद. झटक्यात बोटांना घाम असतो, फोन बोटाचा ठसा ओळखत नाही, आणि उघडला तरी माणूस कार्डाऐवजी लक्षणे शोधू लागतो. पत्त्याच्या आकाराचे जाड कार्ड, काळ्या शाईत मोठी अक्षरे, वर पारदर्शक चिकटपट्टी, आणि जागा ठरलेली. हिने ते रेल्वेच्या पासमागे ठेवले. कार्डाचा फोटो फोनच्या लॉक स्क्रीनवर ठेवता येतो, पण त्यावर दुसऱ्यांची नजर पडते, हे चालणार असेल तरच.

कार्ड लिहून लगेच खिशात टाकणे ही आणखी एक चूक. पहिले दोन आठवडे ते रोज एकदा, शांत असताना, मोठ्याने वाचायचे. त्यानंतर लक्षणे मुद्दाम थोडी जागी करून वाचायचे. जिने भराभर चढून धडधड वाढवायची, फिरत्या खुर्चीवर गोल फिरून गरगरल्यासारखे करायचे आणि त्याच अवस्थेत कार्ड हातात घ्यायचे. सीबीटी या उपचारपद्धतीत हा नेहमीचा सराव आहे. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर तो डॉक्टरांच्या संमतीशिवाय करू नये, आणि इतरांनीही सुरुवात तज्ज्ञाबरोबर केलेली बरी.

या सरावात कोणती ओळ मेली आहे ते कळते. हिच्या कार्डावर आधी ‘माझं हृदय मजबूत आहे’ अशी ओळ होती. तीन मजले चढून ती वाचल्यावर मनाने लगेच ‘कशावरून?’ विचारले. ती ओळ खोडून त्या जागी तपासण्यांची नावे आली. ‘उतरायचं नाही’ या ओळीलाही सराव लागला. आधी स्लो लोकलमध्ये दारापासून आत उभे राहणे, मग फास्टने फक्त ठाण्यापर्यंत, मग बाटली घरी ठेवून, आणि शेवटी मनगटावरचे घड्याळ काढून थेट दादर.

सातवा झटका फास्टमध्ये आला. तिने कार्ड दोनदा वाचले, चौथ्या ओळीवर थांबली, डब्यातच राहिली. उतरायला १४ मिनिटे लागली, तोवर दादर यायचे होते. संध्याकाळी तिने मागच्या बाजूला ‘सहा’ खोडून ‘सात’ लिहिले आणि पुढे एक ओळ वाढवली : ‘गाडीत राहिले, तरी उतरलं.’

कार्डच ताईत झाले तर?

होते, आणि अनेकदा होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. कार्ड घरी विसरल्याचे स्टेशनवर लक्षात आले आणि माणूस त्यासाठी परत फिरला, तर कार्डाने बाटलीची जागा घेतली आहे. झटका नसतानाही ते तासाला चाचपून पाहिले जात असेल, तरी तेच. उपाय टप्प्याटप्प्याने. आधी ओळी कमी करायच्या, सहाच्या तीन. मग कार्ड खिशात, पण वाचायचे नाही, आठवायचे. मग आठवड्यातून एक दिवस ते घरी ठेवायचे. या महिलेच्या बाबतीत चौथ्या महिन्यात पुढच्या बाजूला दोनच ओळी उरल्या होत्या, दाराची आणि धडधडीची.

कार्ड पुरेसे नाही, हे कधी ओळखावे?

झटके पुन:पुन्हा येत असतील, पुढचा कधी येईल या धास्तीत महिना गेला असेल, किंवा झटका टाळण्यासाठी प्रवास, नोकरी, लग्नसमारंभ सुटू लागले असतील, तर तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो आणि त्याला उपचार लागतात. सीबीटी आणि नैराश्यविरोधी गटातील काही औषधे, दोन्हींचा उपयोग होतो. ही औषधे रोज घ्यायची असतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने बंद करायची नसतात. कार्ड आणि नोंदींची वही पहिल्याच भेटीत मानसोपचारतज्ज्ञापुढे ठेवावी. ‘खूप भीती वाटते’ या वाक्यापेक्षा त्यातून त्यांना कितीतरी अधिक कळते.

झटक्यांबरोबर जगणे नकोसे वाटत असेल, जीव देण्याचे विचार येत असतील, तर हे कार्ड त्यासाठी नाही. त्यासाठी वेगळी सुरक्षा योजना लागते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तिचा आराखडा तयार केला असून तो अनेक ठिकाणी वापरला जातो. त्यात जवळच्या माणसांची भूमिका मोठी असते, घातक वस्तू आवाक्याबाहेर ठेवण्याचा टप्पा असतो आणि ती प्रशिक्षित व्यक्तीबरोबरच लिहायची असते. अशा वेळी थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. पॅनिकसाठीही तिथे फोन करता येतो, त्यामुळे कार्डावरच्या दोन नावांखाली हा तिसरा क्रमांक लिहून ठेवायला हरकत नाही.